अंदाजपत्रकाच्या प्रत्येक पानावर कोणती गृहीतके तळटीपेत द्यावीत: निकष, कृती आणि जोडायची कागदपत्रे

अनुदानाच्या अर्जासोबत अंदाजपत्रक जोडले की गृहीतकांची यादी बहुतेक जण शेवटी एका परिशिष्टात देतात. छाननीत मात्र पाने अनेकदा वेगळी होतात. पगाराचे पान एकाकडे जाते, खरेदीचे दुसऱ्याकडे, आणि परिशिष्ट तिसऱ्याच फायलीत राहते. त्यामुळे प्रत्येक पान एकटे वाचले तरी समजले पाहिजे, हे धरूनच तळटीपा ठरवाव्यात.

कोणते गृहीतक पात्र

पहिला प्रश्न असा: पानावर दिसणाऱ्या माहितीवरून वाचकाला तो आकडा स्वतः काढता येतो का? येत असेल तर टीप नको. येत नसेल तर दुसरा प्रश्न विचारा: हे गृहीतक बदलले तर पानाची बेरीज किती हलेल? एक टक्क्याहून जास्त हलत असेल तर टीप हवीच. ही मर्यादा आपण ठरवायची असते. अर्जाच्या सूचनांत वेगळी दिली असेल तर तीच पाळावी.

एका पगाराच्या पानावर हे करून पाहू. आकडे हजारांत आहेत. पदे 6, मासिक वेतन प्रत्येकी 40, आणि वार्षिक वेतनाच्या ओळीत 2,712. वाचक 6 × 40 × 12 करतो, त्याला 2,880 मिळतात आणि तो अडतो. 168 चा हा फरक दोन गृहीतकांमुळे पडला आहे. दोन पदे चौथ्या महिन्यापासून भरली जाणार आहेत, म्हणून 240 कमी झाले. सातव्या महिन्यापासून सर्वांना 5 टक्के वाढ धरली आहे, म्हणून 72 वाढले. एक कमी करते, दुसरे वाढवते, त्यामुळे नुसत्या फरकाकडे पाहून कारण ओळखता येत नाही. अशी जोडी दिसली की दोन्हींना स्वतंत्र टीप द्या.

खालच्या ओळीत नियोक्त्याचे अंशदान 325 आहे आणि पानाची बेरीज 3,037. एक टक्का म्हणजे साधारण 30. वेतनवाढीचा 72 चा परिणाम त्याहून मोठा आहे, तेव्हा ती पात्र ठरते. अंशदान 2,712 च्या 12 टक्के धरले आहे; ते पूर्णांकात आणताना सुटलेले 0.44 मात्र पात्र ठरत नाही. त्यासाठी पानाच्या डोक्यावर ‘आकडे हजारांत, पूर्णांकात’ एवढे पुरे.

शून्य असलेल्या ओळींना ही टक्केवारी लावू नका. जागेच्या भाड्यापुढे 0 असेल तर जागा स्वतःची आहे की भाडे लिहायचे राहून गेले, हे वाचकाला कळत नाही. तिथे टीप नेहमीच द्यावी.

टीप कशी लिहायची

टिपेत चार गोष्टी हव्यात: किती, कशावर, केव्हापासून आणि कोणत्या कागदाच्या आधारे. सर्वांत जास्त राहून जाते ते ‘कशावर’. ‘अंशदान 12 टक्के’ असे लिहिले तर ते मूळ वेतनावर की एकूण वेतनावर, हे उघड होत नाही. योग्य टीप अशी:

‘³ नियोक्त्याचे अंशदान: वाढीसह एकूण वेतनाच्या (2,712) 12 टक्के, पहिल्या महिन्यापासून. आधार: जोडपत्र 2, वेतनश्रेणी आदेश.’

टिपेचा क्रमांक त्या आकड्यालाच लावा. बेरजेला लावला तर कोणत्या ओळीबद्दल बोलणे चालले आहे हे कळत नाही. ‘मागील अनुभवावरून’ हा आधार धरू नये, कारण तो कोणालाच तपासता येत नाही. मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च वापरला असेल तर तो आकडा आणि वर्ष लिहा.

एकच गृहीतक तीन पानांवर लागू असेल तर ते तिन्ही पानांवर लिहावे. ‘पान 2 पाहा’ चालत नाही. विनिमय दराच्या बाबतीत हे फार जपावे लागते: दर, त्याची तारीख आणि खरेदीचा की विक्रीचा, हे तिन्ही प्रत्येक पानावर हवे.

एका पानावर सहा-सातहून अधिक टीपा झाल्या तर तक्ताच अपुरा आहे असे समजा. वरच्या उदाहरणात ‘किती महिने’ हा रकाना वाढवून उशिरा भरायची दोन पदे वेगळ्या ओळीत घेतली, तर पहिली टीप लागतच नाही. रकान्यात मावणारी गोष्ट रकान्यातच द्यावी.

सोबत काय जोडायचे

पदमंजुरीचे पत्र, वेतनश्रेणीचा आदेश, खरेदीसाठी घेतलेली आणि तारीख असलेली दरपत्रके, विनिमय दराची नोंद आणि शून्य ओळींसाठी जागेच्या मालकीचा किंवा वापराच्या परवानगीचा कागद. जोडपत्रांचे क्रमांक टिपांतल्या क्रमांकांशी जुळलेच पाहिजेत.

सादर करण्यापूर्वी

तयारीत नसलेल्या व्यक्तीला एकच पान आणि गणकयंत्र द्या आणि सर्वांत मोठे तीन आकडे काढायला सांगा. ती जिथे काही विचारेल तिथे टीप कमी आहे किंवा अपुरी आहे. शेवटच्या क्षणी आकडा बदलला की टिपेतला आकडा जुनाच राहतो, आणि वरच्या टिपेतला 2,712 अशाच वेळी चुकीचा ठरतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर टिपांमधले आकडे तक्त्याशी पुन्हा ताडून पाहा.