कोटेशन आल्यावर डॉलर-येनचा रेट हलला, तर सप्लायरकडे भाव बदलून कसा मागायचा

टॉवेल-चादरीच्या कारखान्यासाठी बाहेरून मशीन नाहीतर स्पेअर मागवणाऱ्या आणि इम्पोर्टचे कागद आमच्याकडून करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक काढलंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून असो की चिंचोळीतून, रेट हलला की पहिला फोन असाच येतो, "साहेब, रुपया पडलाय ओ, त्याला भाव कमी करायला सांगा की." आम्ही सांगतो, पण सगळ्याच केसमध्ये नाही, आणि कुठल्या केसमध्ये सांगायचं हे तुम्हालाही कळलं तर मेल लिहायच्या आधीच अर्धं काम होतं.

रुपया पडला हे सप्लायरसाठी कारणच नाही हे आधी लक्षात घ्या. इटलीवाला युरोत कोटेशन देतो, त्याचे पगार युरोत, लाईटबिल युरोत, आणि रुपया युरोसमोर घसरला म्हणून त्याच्या खिशात एक पैसाही जास्त आलेला नाही, जास्त गेलंय ते तुमचं. त्याच्याकडे तुम्ही भाव कमी मागितला तर तो सरळ डिस्काउंट मागणं झालं, रेटचं कारण त्यात चालत नाही, आणि असं दोनदा केलं की तो पुढच्या कोटेशनमध्ये तेवढं आधीच चढवून ठेवतो. अशा वेळी भावाला हात न लावता पेमेंटची मुदत वाढवून मागा, नाहीतर ऑर्डरचे दोन भाग करून दुसरा भाग नंतर पाठवायला सांगा, त्याला ते देणं सोपं जातं.

भाव बदलून मागायची खरी जागा वेगळी आहे. कोटेशन एका चलनात आणि सप्लायरचा खर्च दुसऱ्या चलनात, आणि या दोघांमधला रेट हलला, तर त्याला फुकटचा फायदा झालेला असतो. जपानी सप्लायर डॉलरमध्ये कोट करतो तेव्हा नेमकं हेच होतं. चीनच्या डॉलर कोटेशनलाही हाच हिशोब लागतो, फक्त तिथं डॉलर-युआनचा रेट बघायचा.

एक केस पूर्ण करून बघू

समजा १ मार्च २०२२ ला जपानहून एअरजेट लूमच्या स्पेअरचं कोटेशन आलं, नोझल, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, दोनचार इलेक्ट्रॉनिक कार्ड, एकूण २०,००० डॉलर. त्या वेळी एक डॉलर म्हणजे साधारण ११५ येन होते आणि आपल्याकडे साडेपंच्याहत्तर रुपये. जूनच्या मध्यापर्यंत डॉलर १३५ येनच्या आसपास गेला आणि रुपयात ७८ झाला. हे रेट त्या वेळचे खरे आहेत, फक्त हिशोब सोपा जावा म्हणून गोल केलेत.

आता सप्लायरच्या बाजूने बघा. त्याने भाव काढला तेव्हा त्याला २३ लाख येन हवे होते, त्यातच त्याचा नफा पण होता. जूनमध्ये त्याच २०,००० डॉलरचे त्याला २७ लाख येन मिळणार, म्हणजे काही न करता १७ टक्के जास्त. आणि तुमच्या बाजूला १५ लाख १० हजाराचा माल १५ लाख ६० हजाराला पडणार. त्याचा वाढलाय आणि तुमचाही वाढलाय, म्हणजे बोलायला दोन्हीकडून जागा आहे.

त्याला त्याचे २३ लाख येन पूर्ण मिळावेत एवढंच धरलं तर भाव १७,०३७ डॉलर होतो. पण हा आकडा मागू नका असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याचा सगळा खर्च येनमध्ये नसतो, स्टील, तांबं, चिप, तेल, हे त्यालाही डॉलरच्याच भावाने पडतं आणि येन पडला की ते महाग होतं, त्यामुळे १७ टक्क्यातला काही भाग त्याचा खराच गेलेला असतो. म्हणून फरक निम्मा-निम्मा धरा. ते येतं साधारण साडेअठरा हजार डॉलर. या भावात त्याला जवळजवळ २५ लाख येन मिळतात, म्हणजे कोटेशनपेक्षा दोन लाख जास्तच, आणि तुम्हाला माल १४ लाख ४३ हजाराला पडतो. दोघांचंही भलं होतंय हे त्याला त्याच्याच चलनात दिसतं, आणि म्हणून मेलमध्ये रुपयाचा उल्लेख शक्यतो एका ओळीच्या पुढे नेऊ नका, सगळा हिशोब येनमध्ये मांडा.

मेलमध्ये काय लिहायचं

साध्या इंग्रजीत, छोटा मेल. कोटेशन नंबर आणि तारीख, त्या दिवशीचा डॉलर-येन रेट, आजचा रेट, दोन्ही रेटने त्याला किती येन मिळतात, आणि तुमचा मागितलेला भाव, मग शेवटी एवढंच की हा भाव मान्य असेल तर सुधारित प्रोफॉर्मा पाठवा, मिळाल्यावर आठवड्याच्या आत ऑर्डर कन्फर्म करतो. ही शेवटची ओळ फार कामाची आहे, कारण नुसता भाव कमी करून मागणाऱ्यापेक्षा ऑर्डर हातात घेऊन बसलेल्या माणसाला सप्लायर लवकर उत्तर देतो.

रेट मात्र गुगलवरचा टाकू नका. जपानी बँका रोज सकाळी विकायचा रेट, घ्यायचा रेट आणि त्यांच्या मधला रेट जाहीर करतात, त्या मधल्या रेटला तिथे टीटीएम म्हणतात आणि जपानी कंपन्यांचे हिशोब बरेचदा त्याच्यावर चालतात. तुम्ही विचारा, "तुमच्या बँकेचा दोन्ही तारखांचा टीटीएम कळवा", म्हणजे रेटवर वाद राहत नाही आणि आकडा त्याच्याच तोंडून येतो. एजंटमार्फत कोटेशन आलं असेल तर मेल कंपनीला आणि कॉपी एजंटला ठेवा. एजंटचं कमिशन बिलाच्या रकमेवर असतं, त्यामुळे भाव कमी करायचा निरोप त्याने घाईने पोचवावा ही अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

दोन-तीन टक्क्यासाठी हे करू नका. तेवढं तर आठवड्याभरात पण इकडचं तिकडे होतं, आणि उद्या तेवढाच उलटा फिरला की तो तुम्हाला मेल करेल.

उत्तर कधी कधी असं येतं की "आमचा कंपनीचा अंतर्गत रेट सहा महिन्यासाठी ठरलेला असतो", किंवा डॉलर आधीच बँकेला फॉरवर्डमध्ये विकलेत. ही बरेचदा खरीच गोष्ट असते, त्याला तो १३५ चा फायदा या ऑर्डरमध्ये मिळणारच नसतो. मग ओढाताण करू नका. तिथे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च चालतं, तेव्हा ऑक्टोबरपासूनच्या नव्या भावात हा रेट धरणार का ते लेखी विचारून घ्या, आणि घाईचं नसेल तर ऑर्डरचा मोठा भाग तेव्हासाठी ठेवा.

काही सप्लायर म्हणतात, भाव तोच राहू दे, पण बिल डॉलरऐवजी येनमध्ये करू, २३ लाख येन. वरच्या केसमध्ये हे साडेअठरा हजार डॉलरपेक्षाही स्वस्त, १३ लाख २९ हजार रुपये. पण मग येनचा रेट पेमेंटच्या दिवसापर्यंत तुमच्या डोक्यावर बसतो हे धरून चाला. २०२४ च्या जुलैच्या सुरुवातीला डॉलर १६१ येनपर्यंत गेला होता आणि ५ ऑगस्टला १४२ च्या आसपास आला, म्हणजे आपल्या हिशोबात १०० येन ५२ रुपयावरून जवळपास ५९ वर, एका महिन्यात. येनमध्ये बिल घ्यायचं असेल तर त्याच दिवशी बँकेला विचारून फॉरवर्ड बुक करा, नाहीतर डॉलरवरच राहा.

कधी मागायचं आणि कागद कसे बदलायचे

सगळ्यात चांगली वेळ कोटेशनची मुदत संपायच्या जरा आधी किंवा संपल्यावर, ऑर्डर द्यायच्या आत. ऑर्डर गेली आणि त्याने स्वीकारली की तो करार झाला, मग तो ऐकेल ते त्याच्या मर्जीने. एलसी उघडल्यावर तर रक्कम कमी करायलाही त्याची संमती लागते, नुसती तुमची आणि बँकेची चालत नाही, शिवाय दुरुस्तीचे बँक चार्जेस वेगळे. म्हणून पाचदहा हजार वाचवायला उघडलेली एलसी हलवणं परवडत नाही. आणि तुम्ही डॉलर फॉरवर्डमध्ये घेऊन ठेवले असतील तर रक्कम कमी झाल्यावर उरलेले डॉलर कॅन्सल करताना फायदा होतो की तोटा ते बँकेला आधी विचारा, त्या दिवशीच्या रेटवर ते ठरतं.

भाव ठरला की तो कागदावर सगळीकडे एकच दिसला पाहिजे, सुधारित प्रोफॉर्मा, ऑर्डर, एलसी, आणि मालाबरोबर येणारं कमर्शिअल इनव्हॉइस. न्हावा शेवाला ड्युटी इनव्हॉइसच्या किमतीवर लागते आणि रुपयात करायचा रेट बँकेचा नसून कस्टम्सने जाहीर केलेला असतो, बिल ऑफ एंट्री फाईल करायच्या दिवशी जो चालू असेल तो. त्यामुळे कमी झालेल्या भावाचा फायदा ड्युटीतही मिळायचा असेल तर तो माल निघायच्या आधीच बिलात यायला हवा. माल आल्यावर क्रेडिट नोट घेतली तर भरलेली ड्युटी परत मागणं फार किचकट होतं.

एक ऑफर येते ती मात्र घेऊच नका. "बिल आहे तसंच राहू दे, फरकाचे पार्ट मी पेटीत फुकट टाकतो." फुकट आलेल्या पार्टचीही किंमत दाखवून जाहीर करावं लागतं, बिलात नाव नाही आणि पेटीत माल निघाला की माल अडकतो आणि दंड तुमच्या नावावर लागतो, जपानवाल्याच्या नाही. फरकाचे पार्ट घ्यायचेच असतील तर बिलात त्यांची ओळ आणि किंमत असू दे.

ज्यांची खरेदी दरवर्षी त्याच सप्लायरकडे असते त्यांनी पुढच्या ऑर्डरमध्येच रेटचं कलम घालून घ्यावं. डॉलर-येनचा मूळ रेट, कुठल्या बँकेचा, कुठल्या तारखेचा, पाच टक्क्यापर्यंत हलला तर भाव तोच, त्यापुढचा फरक दोघांनी निम्मा वाटून घ्यायचा, आणि शिपमेंटच्या आधी कुठल्या दिवशीचा रेट धरायचा. हे दोन्ही बाजूने लागू असतं, येन वर गेला तर तुम्हालाही थोडं जास्त द्यावं लागेल, आणि तसं असेल तरच सप्लायर सही करतो.

आमच्याकडे येताना कोटेशन, त्याचा मेल, ऑर्डर दिली असेल तर तिची कॉपी, एलसी आणि फॉरवर्डचे कागद असतील तर तेही आणा. सप्लायरला जायच्या मेलचा मसुदा आम्ही तुमच्यासमोर बसून करून देतो, आकडे तुम्ही स्वतः तपासा आणि मेल तुमच्या कंपनीच्या नावानेच जाऊ दे. एलसीचा फॉर्म बँकेत द्यायच्या आधी या.