प्रचरणाचे लघुसूत्र

यादृच्छिक चलाच्या किमती आपल्या सरासरीभोवती किती पसरलेल्या आहेत, हे मोजणाऱ्या राशीला प्रचरण किंवा व्हेरियन्स म्हणतात. चल X चे अपेक्षित मूल्य E(X) हे μ मानले, तर प्रचरणाची व्याख्या अशी आहे:

Var(X) = E[(X − μ)²]

म्हणजे प्रत्येक किमतीतून सरासरी वजा करायची, आलेल्या विचलनाचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची संभाव्यतेनुसार सरासरी काढायची. वर्ग केला नाही तर धन आणि ऋण विचलने एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तर नेहमी शून्यच येते. हाताने आकडेमोड करताना मात्र ही व्याख्या कंटाळवाणी ठरते, विशेषतः सरासरी अपूर्णांकात आली की. त्यासाठी व्याख्येतूनच एक आटोपशीर रूप काढले जाते. तेच लघुसूत्र:

Var(X) = E(X²) − μ²

सूत्राची उकल दोन ओळींची आहे. कंसाचा वर्ग उलगडला की (X − μ)² = X² − २μX + μ² मिळते. आता दोन्ही बाजूंचे अपेक्षित मूल्य घ्यायचे. बेरजेचे अपेक्षित मूल्य म्हणजे अपेक्षित मूल्यांची बेरीज, आणि स्थिरांक बाहेर काढता येतो. येथे μ ही ठरलेली संख्या आहे, ती चलाबरोबर बदलत नाही. म्हणून

Var(X) = E(X²) − २μE(X) + μ²

खरी गंमत मधल्या पदात आहे. E(X) म्हणजे μ च, त्यामुळे ते पद −२μ² होते. त्यात शेवटचा μ² मिळवला की −μ² उरतो. μ च्या जागी सरासरी सोडून दुसरी कोणतीही संख्या c घेतली असती, तर पदे अशी जुळली नसती. तेव्हा E[(X − c)²] = Var(X) + (μ − c)² असे नाते मिळते. त्यात c = ० ठेवले की लघुसूत्रच हाती येते.

सहा बाजूंचा, कोणत्याही बाजूकडे न झुकणारा फासा घेऊ. प्रत्येक अंकाची संभाव्यता १/६ आहे. अंकांची बेरीज २१, म्हणून μ = २१/६ = ३.५. अंकांचे वर्ग १, ४, ९, १६, २५ आणि ३६; त्यांची बेरीज ९१, म्हणून E(X²) = ९१/६. मग

Var(X) = ९१/६ − ४९/४ = १८२/१२ − १४७/१२ = ३५/१२

म्हणजे सुमारे २.९२. व्याख्येने पडताळा घेतला तर विचलने ±२.५, ±१.५ आणि ±०.५ येतात. त्यांचे वर्ग ६.२५, २.२५ आणि ०.२५, प्रत्येक दोनदा. बेरीज १७.५ आणि तिला ६ ने भागले की पुन्हा ३५/१२. येथे ६ ऐवजी ५ ने भागण्याची चूक बरीच दिसते. ‘एक कमी’ने भागण्याचा नियम नमुन्यावरून समष्टीच्या प्रचरणाचा अंदाज बांधताना लागतो. फाशाच्या सर्व संभाव्यता माहीत असताना अंदाज बांधायचाच नसतो. त्यातून ५ ने भागल्यावर उत्तर नेमके ३.५, म्हणजे सरासरीइतकेच येते आणि गोंधळ आणखी वाढतो.

प्रचरण ऋण का होऊ शकत नाही, याचे उत्तर व्याख्येत सरळ दिसते. वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, संभाव्यताही ऋण नसते, मग त्यांच्या गुणाकारांची बेरीज ऋण कुठून येणार? लघुसूत्रात मात्र हे झाकले जाते. तेथे दोन संख्यांची वजाबाकी आहे, आणि पहिली संख्या दुसरीपेक्षा कधीच लहान का नसावी, हे नुसते सूत्र पाहून कळत नाही.

ते कळण्यासाठी तोच फासा दोनदा, एकमेकांवर परिणाम न होता टाकल्याची कल्पना करावी. पहिला अंक X, दुसरा Y. दोन्हींचे अपेक्षित मूल्य μ, आणि दोन्ही स्वतंत्र असल्याने E(XY) = μ². मग

E[(X − Y)²] = E(X²) − २E(XY) + E(Y²) = २[E(X²) − μ²]

उजवीकडे लघुसूत्राची दुप्पट आहे आणि डावीकडे एका वर्गाची सरासरी. म्हणजे लघुसूत्रातली वजाबाकी खरे तर दोन फेकींमधल्या फरकाच्या वर्गाची निम्मी सरासरी आहे. या रूपात μ चे नावही उरत नाही.

फाशावर हे मोजून पाहता येते. दोन फेकींच्या ३६ जोड्यांपैकी ६ जोड्यांत फरक ०, १० जोड्यांत १, ८ जोड्यांत २, ६ जोड्यांत ३, ४ जोड्यांत ४ आणि २ जोड्यांत ५ असतो. फरकांच्या वर्गांची एकूण बेरीज १० + ३२ + ५४ + ६४ + ५० = २१०. तिला ३६ ने भागले की ३५/६ आणि निम्मे केले की ३५/१२. प्रचरण शून्य केव्हा होते, हेही यातच आले: दोन फेकींत फरक पडण्याची शक्यताच नसेल तेव्हा, म्हणजे उदाहरणार्थ फाशाच्या सहाही बाजूंवर एकच अंक असेल तेव्हा. फक्त E(X²) सांत असायला हवे; ते अनंत असेल तर लघुसूत्र वापरण्याचा प्रश्नच येत नाही.

तरीही वहीत किंवा पडद्यावर ऋण प्रचरण दिसते, आणि ते दिसले की चूक आकडेमोडीत आहे असे निःशंक समजावे. नेहमीचे कारण म्हणजे सरासरी आधीच पूर्णांकात बसवणे. फाशाची सरासरी ३.५ ऐवजी ४ धरली तर लघुसूत्र ९१/६ − १६, म्हणजे सुमारे −०.८३ देते. हीच चूक व्याख्येत केली तर उत्तर १९/६, म्हणजे सुमारे ३.१७ येते: चुकीचे, पण जवळचे आणि धन. व्याख्येतली चूक (μ − c)² एवढी, म्हणजे येथे फक्त ०.२५ असते. लघुसूत्रातली चूक μ² − c² एवढी असते, येथे −३.७५. सोपेपणाची किंमत ती हीच.

संगणकही यातून सुटत नाही. फाशावरच्या प्रत्येक अंकात १०० कोटी मिळवले तरी प्रचरण ३५/१२ च राहते, कारण अंकांमधले फरक बदलत नाहीत. पण वर्ग आता १० च्या १८ व्या घाताएवढे होतात. अपूर्णांक साठवण्याच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या द्विमान पद्धतीत तेवढ्या मोठ्या लगतच्या दोन संख्यांमध्ये १२८ चे अंतर असते. त्यामुळे लघुसूत्राची वजाबाकी ०, १२८ किंवा −१२८ असे काहीतरी देते, २.९२ तिला देताच येत नाही. अशा वेळी आधी सर्व किमतींतून त्यांच्या जवळची एखादी संख्या वजा करून घ्यावी आणि मग सूत्र वापरावे. आकडे एकेक करून येत असतील, तर बी. पी. वेलफर्ड यांनी १९६२ मध्ये दिलेली रीत वापरता येते. तीत प्रत्येक नव्या किमतीबरोबर सरासरी आणि विचलनांच्या वर्गांची बेरीज सुधारली जाते. त्या बेरजेत दोन मोठ्या वर्गांची वजाबाकी कुठेच करावी लागत नाही.