तळटीपांवरून संदर्भसूची

तळटीपांवरून संदर्भसूची : मानव्यविद्यांतील ज्या लेखनात संदर्भ केवळ तळटीपांमध्ये असतात आणि अखेरीस स्वतंत्र सूची नसते, अशा लेखनाच्या टीपांतून संदर्भसूची सिद्ध करण्याची संपादकीय पद्धती. तळटीप विधानाच्या आधारापर्यंत, म्हणजे विशिष्ट पृष्ठापर्यंत नेते, तर सूचीतील नोंद संपूर्ण कृतीची ओळख देते. त्यामुळे टीपांची केवळ नक्कल करून सूची होत नाही.

तळटीपेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. समीक्षात्मक इतिहासलेखनातील तळटीपेचे श्रेय पूर्वी बहुधा एकोणिसाव्या शतकातील जर्मन इतिहासकार लेओपोल्ड फोन रांके याला दिले जाई. इतिहासकार अँथनी ग्राफ्टन यांनी ते सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, विशेषतः फ्रेंच तत्त्वज्ञ पीएर बेल याच्या १६९७ मधील ऐतिहासिक व समीक्षात्मक कोशापर्यंत मागे नेले आहे, आणि हे मत अधिक ग्राह्य वाटते. सूचीची परंपरा याहून जुनी व वेगळी आहे. कोनराड गेस्नरच्या १५४५ मधील ग्रंथसूचीत लेखक त्यांच्या पहिल्या नावाने लावलेले आहेत. पाश्चात्त्य सूचींत आडनाव आधी लिहिण्याचा प्रघात नंतर रुळला.

कामाचा आरंभ टीपा एका तक्त्यात उतरवण्याने होतो. प्रत्येक ओळीत टीपक्रमांक, टीपेचा मजकूर जसाच्या तसा, ओळखलेली कृती, आवृत्ती आणि पृष्ठ एवढे रकाने पुरतात. एका टीपेत तीन आधार असल्यास तिच्या तीन ओळी होतात. वर्डच्या `.docx` फाइलमध्ये तळटीपा `word/footnotes.xml` या भागात असतात. तथापि तेथील अंतर्गत क्रमांक छापील टीपक्रमांकाशी जुळेलच असे नाही, म्हणून क्रम मुख्य मजकुरावरूनच घ्यावा. संदर्भव्यवस्थापक आज्ञावलीने घातलेले संदर्भ परत काढता येतात. हाताने टंकलेल्या टीपांना ही सोय लागू नाही.

खरी अडचण ‘तत्रैव’ आणि ‘उपरिनिर्दिष्ट’ (संक्षेपाने उनि.) या मागील टीपांवर विसंबणाऱ्या खुणांची असते. समजा, टीप ७ मध्ये ग्राफ्टन यांच्या तळटीपेच्या इतिहासावरील ग्रंथाची १९९७ ची इंग्रजी आवृत्ती पूर्ण तपशिलाने दिली आहे आणि टीप ८ मध्ये ‘तत्रैव, पृ. ६१’ आहे. पुनर्लेखनात या दोहोंच्या मध्ये एका नियतकालिकातील लेखाची टीप आली, की जुनी आठवी टीप नववी होते आणि ‘तत्रैव’ नकळत त्या लेखाकडे बोट दाखवू लागते. लेख पृ. ११२ ते १३४ वर छापलेला असेल, तर ६१ हे पृष्ठ त्यात बसत नाही आणि चूक उघडी पडते. पृष्ठ योगायोगाने त्या मर्यादेत बसले, तर मात्र मूळ पान उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. आधीच्या टीपेत दोन आधार असतील, तर ‘तत्रैव’ कोणत्या आधाराचे हे ठरवण्यासाठीही तेच करावे लागते. शिकागो शैलीपुस्तिकेच्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीनेही ‘तत्रैव’सारख्या खुणेऐवजी लेखकाचे आडनाव व संक्षिप्त शीर्षक पसंत केले आहे.

संक्षिप्त रूपही सर्वस्वी निर्धोक नाही. ग्राफ्टन यांचा हाच ग्रंथ १९९५ मध्ये आधी जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला होता. पुढे टीप २३ मध्ये ती जर्मन आवृत्ती आणि टीप ३१ मध्ये केवळ ‘ग्राफ्टन, पृ. १०४’ असे आल्यास दोन्ही आवृत्त्यांतील ते पान पडताळूनच निर्णय घ्यावा. दोन्ही खरोखर वापरल्या असतील, तर सूचीत दोन नोंदी कराव्यात; वर्षांतील फरक चूक समजून एक नोंद दुसरीप्रमाणे ‘दुरुस्त’ करणे ही सूचीकाराची नेहमीची घाई होय.

एकाच कृतीच्या सर्व टीपा एकत्र आणल्यानंतर नोंदीचे रूप बदलते. टीपेतील ‘अँथनी ग्राफ्टन’ सूचीत ‘ग्राफ्टन, अँथनी’ होते, प्रकाशनतपशिलाभोवतीचा कंस जातो आणि ग्रंथाचे पृष्ठ गळते. लेखाच्या बाबतीत याउलट त्याची संपूर्ण पृष्ठमर्यादा हवी असते आणि ती टीपांत बहुधा नसतेच. टीपांतील सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा जोडून ती बनवणे सर्वथा चुकीचे आहे. ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ अशा टीपेत लेखकाने प्रत्यक्ष पाहिलेला ग्रंथच सूचीत घ्यावा. न पाहिलेला मूळ ग्रंथ तपासून पाहिल्याखेरीज घालू नये.

पडताळा दोन्ही दिशांनी घेतात : प्रत्येक टीपेला सूचीत नोंद आहे का, आणि प्रत्येक नोंदीला किमान एक टीप आहे का. टीप नसलेली नोंद आढळल्यास ती बहुधा वर्णलेखनातील फरकाने दुभंगलेली असते. ‘रांके’ आणि ‘रँके’ अशा दोन नोंदी यातूनच होतात. अभिलेखागारातील कागदपत्रांबाबत सामान्यतः सुटी पत्रे न देता संग्रहाचे व संस्थेचे नाव स्वतंत्र विभागात देतात.