जिंकण्याची शक्यता आणि सरासरी कमाई: दोन पुट स्प्रेडची तुलना

ऑप्शनचे दोन सौदे समोर ठेवले की बहुतेक जण आधी नफ्याची संभाव्यता पाहतात, कारण ब्रोकरच्या पडद्यावर ती तयार मिळते. अपेक्षित मूल्य मात्र स्वतः मांडावे लागते आणि या दोन आकड्यांची उत्तरे परस्परविरुद्ध येऊ शकतात. ते कसे घडते, हे निफ्टीच्या एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

निफ्टी २५,००० वर आहे आणि एक्स्पायरीला सुमारे दहा दिवस उरले आहेत. पहिल्या सौद्यात २४,७०० चा पुट विकून २४,५०० चा पुट विकत घेतला आणि दोन्ही मिळून ५० पॉइंट प्रीमियम हाती आला. दुसऱ्यात २४,५०० चा पुट विकून २४,३०० चा घेतला आणि २५ पॉइंट मिळाले. दोन्ही स्प्रेड २०० पॉइंट रुंदीचे आहेत, दोन्हींची एक्स्पायरी एकच आहे आणि बाजार फार पडला नाही तर दोन्हींत नफा होतो. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे असून त्यांचा हिशेब रोखीने होतो, त्यामुळे सौदा शेवटपर्यंत ठेवला तर केवळ अंतिम भावाचा विचार पुरतो.

आता एक्स्पायरीच्या भावाबद्दलचा आपला अंदाज असा धरू: २४,७०० च्या वर ७१ टक्के, २४,५०० ते २४,७०० दरम्यान ११ टक्के, २४,३०० ते २४,५०० दरम्यान ८ टक्के आणि त्याखाली १० टक्के. पहिल्या सौद्याचा ब्रेकईव्हन २४,६५० आहे. म्हणून ७१ टक्क्यांत मधल्या पट्ट्याचा साधारण पाव भाग मिळवला की नफ्याची संभाव्यता ७४ टक्के येते. दुसऱ्याचा ब्रेकईव्हन २४,४७५ असल्याने ती ८३ टक्के येते. एवढ्यावर थांबलो तर दुसरा सौदा सरस वाटतो.

अपेक्षित मूल्य काढताना प्रत्येक शक्यतेला तिच्या रकमेने गुणावे लागते. स्प्रेड ज्या पट्ट्यात अर्धवट अडकतो, तिथे सरासरी १०० पॉइंट द्यावे लागतील आणि त्याखाली पूर्ण २००, असे मानू. पहिल्या सौद्यात ११ टक्के वेळा १०० आणि १८ टक्के वेळा २०० द्यावे लागतात, म्हणजे सरासरी ११ अधिक ३६, एकूण ४७ पॉइंट. मिळाले ५०, म्हणून अपेक्षित मूल्य अधिक ३. दुसऱ्यात ८ टक्के वेळा १०० आणि १० टक्के वेळा २००, म्हणजे सरासरी २८ पॉइंट. मिळाले २५, म्हणून उणे ३. ज्या सौद्यात जिंकणे जास्त वेळा घडते, तोच सरासरीने तोट्यात जातो, कारण तिथे २५ मिळवण्यासाठी १७५ पणाला लागले आहेत, आणि नफ्याची संभाव्यता मोजताना ही विषमता कुठेच धरलेली नसते.

कमाल तोट्याला स्प्रेडच्या रुंदीने भागून 'निदान इतक्या टक्के वेळा जिंकायला हवे' असा झटपट निकषही लावला जातो. त्यानुसार पहिल्याला ७५ टक्के हवेत, आणि आपल्याकडे ७४ च आहेत! तरीही तो सौदा फायद्याचा ठरला, कारण हा निकष प्रत्येक नफा आणि प्रत्येक तोटा कमाल मानतो, तर मधल्या पट्ट्यात काही वेळा तोटा थोडकाच होतो. म्हणून मी या निकषाऐवजी पट्टे पाडून गुणाकार करणेच पसंत करतो.

अनुभवातून ही चूक लवकर उमगत नाही. प्रत्येक सौदा स्वतंत्र मानला, तर ८३ टक्के संभाव्यतेचा सौदा सलग दहा वेळा जिंकण्याची शक्यता सुमारे १५ टक्के आहे. म्हणजे उणे अपेक्षित मूल्याचा सौदा करणाऱ्या अनेकांची नोंदवही पहिले काही महिने निर्दोष दिसेल आणि पद्धत बरोबर असल्याचा विश्वास बळावेल.

मात्र अपेक्षित मूल्याचाही आधार तपासावा लागतो. पडद्यावरची संभाव्यता बहुधा ऑप्शनच्या भावातूनच काढलेल्या अस्थिरतेवर, म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटीवर, बेतलेली असते. तीच गृहीतके वापरून अपेक्षित मूल्य काढले, तर ते कोणत्याही सौद्यासाठी शून्याच्या आसपास यायला हवे आणि खर्च वजा करता उणे. कारण ज्या भावांतून संभाव्यता काढली, त्याच भावांशी आपण तिची तुलना करत असतो. वरचे अधिक ३ आले ते आपला अंदाज बाजाराच्या अंदाजाहून वेगळा होता म्हणून, आणि तो वेगळा का असावा याचे कारण आपल्याकडे असले पाहिजे.

शिवाय तो आकडा नाजूक आहे. २४,३०० च्या खाली जाण्याची शक्यता १० ऐवजी १२ टक्के धरली आणि ते दोन टक्के सर्वात वरच्या पट्ट्यातून काढले, तर पहिला सौदा उणे १ वर येतो आणि दुसरा उणे ७ वर. नफ्याची संभाव्यता मात्र अनुक्रमे ७२ आणि ८१ टक्के, म्हणजे जवळपास होती तशीच राहते. अंदाज अचूक निघाला तरी दोन्ही पायांची दलाली, एसटीटी आणि खरेदी-विक्रीच्या भावांतली तफावत यांत त्या ३ पॉइंटांपैकी किती उरतात, हे सौद्याआधी मोजावेच लागते.