गेजचा काटा दीड किलोजवळ, तरी शॉवरला धार का नाही?

वाशीतल्या एका सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या घराची तक्रार होती: बाथरूममध्ये पाणी फारच बारीक येतं. प्लंबरने नळाला गेज लावलं, काटा 1.4 किलोवर गेला. "प्रेशर भरपूर आहे, शॉवर बदला," असं सांगून तो गेला. आकडा बरोबर होता, पण तो बंद नळाचा होता. त्यावरून पाणी पुरेसं येईल की नाही हे ठरवता येत नाही.

पाणी थांबलेलं असताना गेज दाखवतं तो स्थिर दाब. पाणी प्रत्यक्ष वाहत असताना त्याच जागी उरतो तो वाहता दाब. प्लंबर पहिल्याला स्टॅटिक आणि दुसऱ्याला डायनॅमिक म्हणतात. स्थिर दाब फक्त उंचीवर ठरतो. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी बहुतेक सोसायट्यांत आधी तळटाकीत पडतं आणि पंपाने गच्चीवर चढतं. त्यामुळे घरातला दाब गच्चीवरची टाकी देते, पालिकेची लाइन नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा 10 मीटर वर असेल तर गेजवर 1 किलो दिसतो (म्हणजे चौरस सेंटीमीटरला 1 किलो, साधारण 1 बार). या घरात हे अंतर जवळपास 14 मीटर होतं. म्हणून 1.4 आला. मधला व्हॉल्व जवळजवळ बंद असता तरी तेवढाच आला असता, कारण थांबलेल्या पाण्याला पाइपातला अडथळा जाणवतच नाही.

अडथळा दिसतो तो पाणी चालू केल्यावर. त्यासाठी 0 ते 2.5 किलोचं गेज घ्यावं. 10 किलोच्या गेजवर 0.2 आणि 0.4 मधला फरक नीट वाचता येत नाही. काटा आधी शून्यावर आहे ना ते बघून, टेफलॉन टेप गुंडाळून ते वॉशिंग मशीनच्या कॉकला लावावं आणि कॉक पूर्ण उघडावा. बाकी सगळे नळ बंद ठेवून पहिला आकडा लिहून घ्यावा. मग त्याच फाट्यावरचा शेजारचा नळ पूर्ण सोडून दुसरा आकडा घ्यावा, आणि त्याच वेळी 20 लिटरची बादली किती वेळात भरते तेही मोजावं. बादलीशिवाय वाहत्या दाबाच्या आकड्याला अर्थ नाही. पाइपातला तोटा प्रवाहाच्या साधारण वर्गाने वाढतो. नळ थोडासाच सोडून प्रवाह निम्मा ठेवला, तर तोटा जवळपास पाव होतो आणि चोंदलेली लाइनही निरोगी भासते.

त्या घरात नळ सोडताच काटा 1.4 वरून 0.25 वर आला आणि बादली भरायला 4 मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला 5 लिटर. नळ बंद केला की काटा लगेच 1.4 वर परत. स्वयंपाकघराची लाइन वेगळ्या पाइपावर होती. तिथे पाणी चालू असतानाही 1.05 टिकला. म्हणजे टाकी ठीक, दोष बाथरूमच्या फाट्यात. डक्टमधल्या जुन्या गेट व्हॉल्वचं चाक फिरत होतं, पण आतली गेट दांड्यापासून सुटून अर्धवट खाली अडकली होती. व्हॉल्व बदलल्यावर स्थिर दाब 1.4 च राहिला. वाहता दाब 0.95 झाला आणि बादली 2 मिनिटांत भरली.

याच्या उलट चित्र सातव्या मजल्यावर असतं. तिथे टाकी जेमतेम 4-5 मीटर वर असते. स्थिर 0.45, वाहता 0.35. दोघांत फरक कमी, म्हणजे पाइप मोकळे आहेत आणि मुळात उंचीच नाही. अशा घरात पाइप तोडून नवे टाकण्यावर खर्च करू नये. टाकी उंच करावी किंवा बूस्टर पंप लावावा. साध्या शॉवरला वाहता दाब अर्धा किलो असला की मी तो पुरेसा धरतो. वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब दिलेला असतो. तो मेगापास्कलमध्ये असेल तर दहाने गुणून जवळपास किलो मिळतात, आणि तो वाहत्या आकड्याशीच ताडून पाहावा.

मोजमाप दुपारी केलं असेल तर सकाळी सातला, सगळी इमारत पाणी वापरत असताना, पुन्हा करावं. त्या वेळी तुमच्या घरातले सगळे नळ बंद असूनही काटा दुपारपेक्षा बराच खाली असेल, तर आधी टाकीतली पातळी बघून घ्यावी. पातळी तीच असेल तर टाकीतून खाली उतरणाऱ्या सामाईक पाइपात दाब जातोय. त्या पाइपाचा व्यास सोसायटीने वाढवायचा, घरातली लाइन बदलून तिथे काही फरक पडणार नाही.