अनलिमिटेड प्लॅन आणि 512 केबीपीएसची अट

गोव्यात फोंड्यातल्या एखाद्या घरी गणेश चवथीला माणसं जमली की महिन्याच्या पंचविसाव्या दिवशीच टीव्हीवरचं चित्र अडकायला लागतं. वायर तुटलेली नसते, राऊटरही ठीक असतो. ठरलेला डेटा संपलेला असतो आणि वेग मुद्दाम खाली आणलेला असतो.

ही पद्धत जुनी आहे. एकच क्षमता अनेक घरांत वाटली जाते, त्यामुळे थोड्या घरांनी सतत ओढलं तर बाकीच्यांना कमी पडतं, असं कंपन्या सांगत आल्या. त्यात तथ्य आहे. पण जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ मोठ्या अक्षरांत आणि मर्यादा तळटिपेत, याचं समर्थन त्यातून होत नाही. 2012 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने मर्यादा आणि नंतरचा वेग उघड सांगण्याचा आदेश दिला. खरा वादाचा निर्णय 2016 चा. वायरीच्या ब्रॉडबँडचा वेग मर्यादा संपल्यावरही 512 केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही, असं तेव्हा ठरलं.

हाच आकडा का? कारण 2013 पासून ब्रॉडबँडची व्याख्याच 512 केबीपीएसची होती. म्हणजे वेग कितीही कमी केला तरी विकलेली वस्तू ब्रॉडबँडच राहिली पाहिजे, हा त्यामागचा विचार. ही व्याख्या 2023 मध्ये 2 एमबीपीएसवर गेली. मोबाइलला मात्र 512 ची अट लागू झाली नाही. तिथे रोजचा डेटा संपल्यावर 64 केबीपीएस दिसतो, आणि त्या वेगाने एक एमबीचा फोटो उतरायला दोन मिनिटं लागतात. माझ्या मते ही मोठी उणीव आहे, कारण गोव्याच्या वाड्यावाड्यांवर अजून अनेकांचं इंटरनेट म्हणजे मोबाइलच.

512 चा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. हे बिट आहेत. आठाने भागलं की सेकंदाला 64 केबी. एक जीबी उतरायला साधारण चार तास वीस मिनिटं. एचडी व्हिडिओला 5 एमबीपीएसच्या आसपास लागतात, म्हणून टीव्ही अडकतो, पण व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर जातो.

आता तुलना. एक प्लॅन 100 एमबीपीएसचा, 500 जीबीनंतर 1 एमबीपीएस. दुसरा 40 एमबीपीएसचा, मर्यादा 3300 जीबी. पहिला मोठा दिसतो, पण पूर्ण वेगाने त्याचे 500 जीबी जेमतेम अकरा तासांत संपतात. फोंड्याच्या घरात एचडी टीव्ही रोज साडेसहा तास, म्हणजे सुमारे 15 जीबी, आणि बैठका, फोन, अपडेट मिळून 5. रोजचे 20 जीबी धरले की पंचविसाव्या दिवशी पहिला प्लॅन रिता होतो. दुसऱ्यात महिन्याला 600 जीबी गेले तरी पुष्कळ उरतं. मोजणी बिलाच्या तारखेपासून होते, एक तारखेपासून नव्हे. चवथ त्या चक्रात डेटा संपण्याआधी आली तर आणखी लवकर संपतं. म्हणून तीन महिन्यांचा वापर अ‍ॅपमध्ये पाहावा, सर्वांत मोठा महिना घ्यावा आणि तो मर्यादेच्या आत बसत नसेल तर वरचा वेग सोडून मोठ्या मर्यादेचे किंवा नंतरच्या वेगाचे पैसे मोजावेत.