तारण शेअरांची झळ

"प्रवर्तकांनी शेअर तारण ठेवले, तर तो त्यांचा खासगी व्यवहार, भागधारकांना त्याची झळ कशी?"

समजा, १०० कोटींच्या कर्जासाठी २०० कोटींचे शेअर तारण आहेत. भाव ३० टक्के पडला की तारण १४० कोटींवर येते आणि दुप्पट तारणाची अट असल्यास कर्जदाता आणखी ६० कोटींचे शेअर किंवा त्या प्रमाणात रोकड मागतो. ती न मिळाल्यास तो शेअर बाजारात विकतो, भाव आणखी घसरतो आणि इतर कर्जदातेही विक्रीला उतरतात. धंदा उत्तम चालत असूनही हे घडते, हीच खरी चिंता. जानेवारी २०१९ मध्ये झी एंटरटेनमेंटचा शेअर एका दिवसात सुमारे २६ टक्के कोसळला. झीच्या प्रवर्तक एस्सेल समूहाची कर्जे फेडताना वर्षअखेरीस झीमधला प्रवर्तकांचा हिस्सा सुमारे ५ टक्क्यांवर आला. म्हणून दर तिमाहीच्या भागधारणा तक्त्यात प्रवर्तकांच्या हिश्श्यापैकी किती टक्के तारण आहे आणि ते वाढते आहे का, हे आवर्जून पाहावे.